पहिल्या मिनिटातलं वाक्य

त्या शाळेत हजर झालो तेव्हा माझ्या नोकरीला एकवीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची नऊ वर्षं नेसरीच्या बाजूला गेली. घर कोल्हापुरात, शाळा तिकडं. शनिवारी यायचं आणि सोमवारी पहाटे परत निघायचं. अखेर बदली झाली ती हुपरीच्या रस्त्यावरच्या एका गावात. सकाळी स्टँडवर हुपरीची गाडी धरायची, अर्ध्या वाटेत उतरायचं, संध्याकाळी घरी. मी खूश होतो. तिसरीचा वर्ग मिळाला, अठ्ठावीस मुलं.

शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्यातला एक दिवस पुस्तकं वाटण्यात गेला आणि एक गणवेशाची मापं घेण्यात. उरलेल्या दिवसांत मुलं माझ्याकडं बघत होती आणि मी त्यांच्याकडं. नावं पाठ झाली होती, पण नाव आणि चेहरा यांची गाठ अजून पक्की बसली नव्हती. तेवढ्यात मुख्याध्यापक बाईंनी शनिवारी पालकसभा ठेवली.

शुक्रवारी त्यांनी मला कार्यालयात बोलावलं.

"सर, तुमच्या वर्गाला दोन वर्षांत तीन शिक्षक झाले," बाई म्हणाल्या. "पालक वैतागलेत. गावात इंग्लिश मिडियमची पिवळी बस यायला लागलीय. यंदा चार मुलं त्या बसमध्ये बसली. अजून पाच-सहा घरं कुंपणावर आहेत."

"मी काय बोलू?"

"भाषण नको. पहिलं मिनिट तुमचं. त्या मिनिटात लोक ठरवतात, हा माणूस थांबणार का जाणार. नाव, गाव, किती वर्षं नोकरी, फोन नंबर, शाळेत भेटायची वेळ. आणि मुलांबद्दल एखादं वाक्य. बास."

सल्ला चांगला होता. मी तो घरी येऊन वहीत उतरवला. आरशासमोर उभं राहून म्हटलाही, हे लिहायला आता लाज वाटते. एका मिनिटात बसत होता.

शनिवारी साडेअकराला शाळा सुटल्यावर वर्गात सतरंज्या अंथरल्या. बायका भिंतीकडेनं बसल्या, पुरुष दारात, अर्धे आत आणि अर्धे चपला घालून बाहेर. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष खुर्चीत होते. म्हशी बाळगणारे, बोलायला मोकळे, सारखं घड्याळ बघणारे गृहस्थ. मी उभा राहिलो, नाव सांगितलं.

"पावणं, गाव कुठलं?" अध्यक्षांनी मधेच विचारलं.

"कोल्हापूरच."

"मग आजवर कुठं होतासा?"

"नेसरीकडं. नऊ वर्षं."

"म्हंजे घराजवळ याचं म्हणून आलासा. आमच्या पोरांसाठी न्हाय."

बायकांत खसखस पिकली. दारातला एक जण म्हणाला, "अध्यक्ष, आल्या आल्या पळवता काय मास्तरांना? जातील की आपल्या पायानं दिवाळीत." पुन्हा हशा. मी पण हसलो. पुढचं वाक्य म्हटलं, एकवीस वर्षं शिकवतोय. कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फोन नंबर फळ्यावर लिहिला. दोघांनी उतरवून घेतला, बाकीच्यांनी नाही. कुणाचा तरी मोबाइल मोठ्यानं वाजला आणि ते गृहस्थ तिथंच उसाच्या तोडीबद्दल बोलायला लागले. माझं मिनिट संपत आलं होतं आणि खोली माझी झाली नव्हती.

तेव्हा मी वही बंद केली आणि पहिल्या ओळीतल्या एका बाईंकडं बघून विचारलं, "ताई, तुम्ही कुणाच्या आई?"

तिशीच्या असतील. हाताची बोटं टोकाशी काळपट. त्या भागात घरोघर चांदीचं काम चालतं, पैंजणांना घुंगरं लावून द्यायचं. ते करणाऱ्या बायकांची बोटं अशी होतात. मांडीवर एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीतून अर्धं बाहेर काढलेलं तिसरीचं मराठीचं पुस्तक. त्यांनी मुलीचं नाव सांगितलं.

मला बाक आठवला. दुसरा बाक, खिडकीकडचा. त्यावर दोन मुली बसत. दोघी किरकोळ, दोघींच्या दोन वेण्या, काळ्या रिबिनी. त्यातल्या एकीनं बुधवारी धडा वाचला होता. इतका स्वच्छ की मी खडू खाली ठेवून ऐकत राहिलो. दुसरी काही बोललीच नव्हती. वाचणारी कोणती आणि न बोलणारी कोणती?

मला खात्री नव्हती. ही गोष्ट मी स्वतःला पुष्कळदा वेगळ्या शब्दांत सांगून बघितली. गोंधळ झाला, नवीन होतो, चेहरे सारखे. सगळं खरं आहे. पण त्या क्षणी मला माहीत होतं की मला माहीत नाही. अर्धं मन म्हणत होतं, ही ती असेल. उरलेल्या अर्ध्याला मी बोलू दिलं नाही, कारण दारातले लोक चपला चाचपत होते.

"तुमच्या मुलीचं वाचन ऐकत राहावं असं आहे," मी म्हणालो. "बुधवारी तिनं अख्खा धडा वाचला. कुठं अडखळली नाही."

खोली बदलली. बायका वळून त्या बाईंकडं बघायला लागल्या. शेजारणीनं त्यांना कोपरानं ढोसलं, "बघ गं, आणि तू रडत हुतीस." दारातले दोघे आत येऊन बसले. अध्यक्षांनी घड्याळावरचा हात काढला.

"आठ दिवसांत एवढं बगिटलं? मग ठीक हाय. आदीच्या सरास्नी वर्षभरात पोरांची नावं येत नव्हती."

त्या बाईंचं तोंड किंचित उघडं होतं, काहीतरी विचारायला उघडलं होतं तसं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पुस्तक पिशवीत सरकवलं, पिशवीचे बंद ओढले आणि हसल्या. इतकं मोकळं हसू मी त्या दिवशी तिथं दुसरं पाहिलं नाही.

पुस्तक पिशवीत जाताना मला दिसलं होतं. ते कशासाठी आणलं होतं, हे मी विचारलं नाही.

सभा सुटल्यावर मुख्याध्यापक बाईंनी मला चहा दिला. "जिंकलात सर," म्हणाल्या. कुंपणावरच्या घरांपैकी एकही पुढच्या सोमवारी पिवळ्या बसमध्ये बसलं नाही.

त्याच सोमवारी सकाळी हजेरी झाल्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी कमरेवर हात ठेवून माझ्या टेबलाशी आली.

"सर, तुमी सभंत हिचं नाव घेतलासा म्हणं. धडा तर मी वाचलतो की!"

आमच्याकडं मुलीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. तिचा राग अगदी न्यायाचा होता. मी बाकाकडं बघितलं. तिची शेजारीण मान खाली घालून रिबिनीचं टोक चावत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"बरं, बघू," मी म्हणालो. "जा बस जागेवर."

मधल्या सुट्टीत मी त्या दुसरीला थांबवलं आणि बुधवारचाच धडा वाचायला सांगितलं. तिनं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणायला लागली. शब्द न् शब्द बरोबर. मला क्षणभर इतकं हायसं वाटलं! मग लक्षात आलं की आवाज तिसऱ्या ओळीवर आहे आणि बोट पहिल्याच ओळीवर. पान संपायच्या आधीच तिनं पान उलटलं. मी पुस्तक घेतलं, दुसराच धडा मधून उघडला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. सोपा शब्द होता, काना-मात्रेचा. ती गप्प. दुसरा शब्द. ती गप्प. सुट्या अक्षरांतली निम्मी येत होती. मैत्रीण वाचायची, ही ऐकायची आणि पाठ करायची. दोन वर्षं आणि तीन शिक्षक तिनं असे काढले होते. कान मोठा तयार होता पोरीचा.

"सर," ती म्हणाली, "आईनं शेजारी सगळ्यांस्नी सांगितलंय."

एवढंच. मी म्हणालो, "आपण शिकू. कुणाला सांगायचं नाही."

ते वाक्य मला सभेतल्या वाक्याइतकंच टोचतं, कदाचित जास्त. सभेतलं घाईत गेलं होतं. हे विचार करून बोललो. त्या मुलीला मी माझ्या बाजूला ओढलं आणि तिच्या आईला दुसऱ्या बाजूला ठेवलं. माझा हिशेब सरळ होता: रोज मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं घ्यायची, दिवाळीपर्यंत मुलगी वाचायला लागेल, मग मी बोललो ते खरंच ठरेल. आईकडं जाऊन चूक सांगितली तर गावभर होणार, आणि बाईंनी ज्याला जिंकणं म्हटलं ते जाणार.

मी पंधरा मिनिटं काढली. पहिल्या आठवड्यात रोज. नंतर कधी खिचडी वाटपावर माझी पाळी, कधी माहिती तातडीनं भरून पाठवायची, कधी तालुक्याला प्रशिक्षण. आठवड्यातले दोन दिवस मिळाले तरी पुष्कळ. ती मात्र रोज पुस्तक घेऊन टेबलाशी येऊन उभी राहायची आणि मी "उद्या हं" म्हटलं की न बोलता परत जायची. तिनं कधी तक्रार केली नाही. आम्हा दोघांत जे ठरलं होतं ते ती माझ्यापेक्षा जास्त निष्ठेनं पाळत होती.

गणपती झाल्यावर, भुईमूग निघाला तेव्हा, तिची आई एका संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी उभी दिसली. हातात गरम पिशवी.

"सर, शेंगा उकडल्यात. गाडीत खावा."

"कशाला त्रास घेतला, ताई?"

"तरास कसला. तुमी तरास कमी केलासा माझा." त्या हसत सांगायला लागल्या. "मी सातवीपातूर शिकलेली. रोज रात्री जेवणं झाली की अर्धा तास पोरीला घिऊन बसायचो. ती म्हणायची घडाघडा, पण मी मधीच एका शब्दावर बोट ठेवलं की गप. मला वाटायचं, हिला वाचाय येत न्हाय, नुसतं पाठ हाय. त्या दिवशी सभंला पुस्तक घिऊनच आलतो, तुमास्नी दाखवाय. तर तुमी आदीच म्हणालासा, अडखळत न्हाय. मग मला वाटलं, माझंच काय तरी चुकतंय. मास्तर म्हणत्यात म्हटल्यावर... माझं बोट बगून भेत असंल पोरगी. सोडून दिलं ते. आता त्या अर्ध्या तासात घुंगरांचा एक जोड जास्त हुतो."

मी शेंगांची पिशवी धरून उभा होतो. तिचा चटका बोटांना बसत होता.

बोलायची वेळ ती होती. पुढं दोन महिने मी जे करत राहिलो, ते त्या फाटकाशी दोन वाक्यांत संपलं असतं. मी म्हणालो, "ते बसणं सोडू नका, ताई. सराव चांगला असतो." इतकं सौम्य, इतकं गुळगुळीत की त्यातून काही कळणार नाही. त्या मान हलवून गेल्या. गाडीत मी शेंगा सोलून खाल्ल्या. चव चांगली होती, हेही आठवतं.

कोल्हापुरात उतरेपर्यंत मला एक गोष्ट नीट कळली होती. मी त्या मुलीला वाचन शिकवण्यात कमी पडलो, ते वेगळं. पण तिच्या घरात आधीच एक शिक्षिका होती. सातवी शिकलेली, दिवसभर काम करून रोज अर्धा तास देणारी, आणि तिचं निदान माझ्याआधी आणि अगदी बरोबर होतं. मी एका वाक्यात तिला घरी बसवलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपली. मुलगी तोवर जोडाक्षर नसलेले शब्द लावायला लागली होती, वाक्य अजून नाही. बाईंनी पुढच्या शनिवारी दुसरी पालकसभा लावली. वर्गात नवीन दोन मुलं आली होती, एक कुरुंदवाडहून आणि एक वीटभट्टीवरच्या कुटुंबातलं.

"नव्या पालकांसाठी तुमची ओळख पुन्हा करून द्या," बाई म्हणाल्या. "मागच्यासारखीच. त्या मुलीचं सांगितलंत ना, तसं एखादं."

मी तिथंच बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पुढ्यातला हजेरीपट मिटला.

"सभेत नका बोलू," त्या म्हणाल्या. "पोरीचं हसं होईल. आधी आईकडं जा. आणि आज जा, उद्या नको."

संध्याकाळची गाडी सोडली आणि मी त्यांच्या घरी गेलो. खिडकीपाशी उजेडाला त्या बसल्या होत्या, पुढं पसरट ताटात घुंगरांचा ढीग. मुलगी उंबऱ्यात बसून खडे खेळत होती. मला बघून तिनं खडे मुठीत घेतले.

"या सर! अगं, पाणी आण."

"पाणी नंतर, ताई. मला एक सांगायचंय."

मी सांगितलं. जमेल तेवढं सरळ. की मी सभेत बोललो ती मुलगी वेगळी होती. की बोलताना मला खात्री नव्हती. की तुमचं बोट बरोबर होतं.

त्यांचे हात थांबले नाहीत. एक घुंगरू उचलून कानाशी हलवलं, बाजूला टाकलं. दुसरं उचललं.

"तुमास्नी कधी कळलं?"

या प्रश्नाची मी वाटेत तयारी केली होती. 'हळूहळू लक्षात आलं' असं एक उत्तर तयार होतं. वहीत लिहिलेल्या मिनिटासारखंच बेतलेलं.

"सभेनंतरच्या सोमवारी," मी म्हणालो.

आता हात थांबले.

"म्हंजे शेंगा घेतलासा तवा म्हाईत हुतं."

"हो."

"मी समदं बोललो, बोटाचं, अर्ध्या तासाचं. तवा बी."

"हो, ताई."

त्या उठल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. उंबऱ्याकडं वळून म्हणाल्या, "तुला म्हाईत हुतं?"

मुलीनं मान हलवली. "सर म्हणाले, सांगू नगं. आन् सांगितलं असतं तर तू सरांसंगं भांडली असतीस. मग सर गेले असते. समदे जात्यात."

मी मान खाली घातली. तिची आठ वर्षांची अक्कल माझ्या नोकरीची राखण करत होती.

"चार म्हयने," आई म्हणाली. "सर, ह्यात एक घुंगरू मुकं ऱ्हायलं तर अख्खा जोड परत येतो. मी रात्री दिव्याखाली एक-एक कानाला लावून बगतो. पोरीचं बी तसंच बगत हुतो. तुमी म्हणालासा, वाजतंय. मी ठेवून दिलं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आता सभा कधी हाय?"

"शनिवारी. पण मी सभेत काही बोलणार नाही, तिला लाजवायचं नाही."

"पोरीचं नाव घिऊ नगा. पर बोलायचं. तवा समद्यांम्होरं म्हणालतासा, आता बी समद्यांम्होरं म्हणा. न्हाय तर त्या बायका अजून माझ्या पोरीला वाचाय सांगत्यात, नोटीस आली की, लग्नाची पत्रिका आली की. ती पोटात दुखतंय म्हणून पळती."

हे मला ठाऊक नव्हतं. चार महिने ती मुलगी गावभर माझं वाक्य निभावत फिरत होती.

शनिवारी पुन्हा सतरंज्या, पुन्हा दारात चपला. अध्यक्ष म्हणाले, "सर, नव्या पावण्यास्नी वळख द्या तुमची." मी वही आणली नव्हती. नाव सांगितलं, किती वर्षं नोकरी ते सांगितलं. मग म्हणालो, "मागच्या सभेत मी माझी ओळख चुकीची करून दिली. मी मुलांना नीट ओळखतो, असं तुम्हाला वाटावं म्हणून एका मुलाबद्दल खात्री नसताना चांगलं बोललो. ते खरं नव्हतं. दोनच दिवसांत कळलं, तरी चार महिने गप्प बसलो. त्यात त्या मुलाचं नुकसान झालं आणि घरच्यांचंही."

मी 'मुलगी' न म्हणता 'मुलाबद्दल' म्हणालो. त्याचा उपयोग नव्हता. सगळ्यांना ते वाक्य आठवत होतं. बायकांच्या माना एकेक करून पहिल्या ओळीकडं वळल्या.

"माझी पोरगी ती," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "बगताय काय? तिला अजून वाचाय येत न्हाय. शिकाय लागलीया. पुढं पत्रिका घिऊन माझ्या दारात याचं न्हाय कुणी."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी घसा खाकरला.

"आवो सर, म्हंजे माझ्या नातवाचं तुमी परवा म्हणालासा, गणितात पक्का हाय... ते पण असंच काय?"

"ते तपासून बघा," मी म्हणालो. "माझ्या शब्दावर नका ठेवू."

"आमी काय तपासणार? आमास्नी काय कळतंय?"

उत्तर मुलीच्या आईनं दिलं. पिशवीतून तिसरीचं पुस्तक काढलं, पहिल्या सभेला आणलेलं तेच. "कुठलं बी पान काढायचं. मधल्या एका शब्दावर बोट ठेवायचं आणि गप बसायचं. आपुन सांगायचं न्हाय. एवढं कळतंय की न्हाय?"

त्या दिवशी पोरं बाहेर मैदानावर होती. एकेकाला आत बोलावलं आणि ज्याच्या-त्याच्या घरच्यांनी पान काढलं, बोट ठेवलं. ज्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं त्यांच्या शेजारी दुसरं कुणी बसलं. अध्यक्षांच्या नातवानं सहाचा पाढा तीनदा चुकवला आणि अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुमी माझ्याशी पण खोटं बोललासा," पण जागेवरून उठले नाहीत. माझ्या पटावर 'वाचतो' म्हणून खूण असलेली पाच मुलं त्या दुपारी अडली. ती खूण मी आधीच्या पटावरून तशीच उतरवली होती.

सभा दोन वाजेपर्यंत चालली. संपताना एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं बोललासा ते बरं केलं. पर मी पोराला तिकडं घालतोय, बसचं बोलून आलोय." पुढच्या वर्षी त्यांच्यासह दोन घरं गेली. मी स्वतःची समजूत घालत नाही. ती दोन मुलं माझ्या खोट्यामुळं गेली की खऱ्यामुळं, मला सांगता येणार नाही.

मुलीची पाळी सगळ्यात शेवटी आली. ती स्वतःच मागं थांबली होती, बाकीचे निघून जाईपर्यंत. बाकमैत्रीण तेवढी खिडकीत रेंगाळत होती. आईनं पान काढलं आणि काळपट बोट एका ओळीच्या मधोमध ठेवलं.

मुलगी खाली वाकली. पहिला शब्द लावला. दुसरा लावला. तिसऱ्याला जोडाक्षर होतं. ती थांबली. ओठ हलले, आवाज आला नाही. खिडकीतल्या मैत्रिणीनं श्वास घेतला, सांगायला; आईनं न बघता दुसरा हात वर केला आणि ती थांबली.

मला तो शब्द माहीत होता. एकवीस वर्षांची सवय जिभेवर येऊन बसली होती. मुलगी वर माझ्याकडं बघायला लागली, मधल्या सुट्टीत बघायची तशी, आता सर सांगतील म्हणून.

मी बोललो नाही. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. आईचं बोट तिथंच होतं. बऱ्याच वेळानं मुलीनं मान पुन्हा खाली घातली आणि त्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठ्यानं म्हटलं.